जुना कोट नेमका कोणत्या दशकातला? चेन, लेबल आणि शिलाई वाचायची कशी

आपल्याकडच्या वाड्यांमधल्या लोखंडी पेट्यांना अलीकडे भाव आला आहे. पूर्वी आजोबांचा कोट किंवा आजीचं जरीचं पोलकं बोहारणीच्या टोपलीत जायचं आणि बदल्यात एखादं स्टीलचं पातेलं मिळायचं. आता तोच कोट मोबाईलवर विकायला ठेवला की नागपूर-पुण्याकडून विचारणा येते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या दशकातला आहे? उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिलं जातं. घरचे सांगतात पणजोबांचा आहे, विकणारा लिहितो १९३०, घेणारा त्या आकड्याचे पैसे मोजतो.

कपड्याचं वय मात्र कपड्यातच लिहिलेलं असतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कपडा उलटा करायचा, खिडकीशी न्यायचा आणि क्रमाने पाहायचा. आर्वी तालुक्यातल्या एका वाड्यातून निघालेला लोकरीचा सूट मला तपासायला मिळाला होता, म्हणजे कोट आणि पँट. घरच्यांच्या मते तो १९३५ च्या आसपासचा. त्या एका सुटावरच हे सगळं समजून घेऊ.

सगळ्यात नवा भाग आधी शोधा

घराच्या पायाखाली १९६२ सालचं नाणं सापडलं, तर तो पाया १९६२ च्या आधी घातलेला असूच शकत नाही. नंतर कधी घातला, ते नाणं सांगत नाही. कपड्याचंही असंच आहे. कपड्यातली जी वस्तू बाजारात सर्वात उशिरा आली, तिच्या आधी तो कपडा शिवला गेला नाही. जुनी वस्तू काहीच सिद्ध करत नाही, कारण जुन्या गुंड्या, जुनं अस्तर, जुनी लेस शिंप्याच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून असते आणि कधीही वापरली जाते.

लोक नेमकं इथे उलटं करतात. पितळी गुंडी दिसली की "लय जुना हाये" म्हणतात. गुंडी जुनी असेल, कोट त्या गुंडीपेक्षा तीस वर्षांनी लहान असू शकतो. म्हणून तपासताना जुनेपणाचे पुरावे गोळा करू नका. नवेपणाचे शोधा. एकही सापडला नाही तरच मागे मागे जाण्याचा हक्क मिळतो.

लेबल: नागपूर तेव्हा कोणत्या राज्यात होतं?

आर्वीच्या कोटाच्या आतल्या खिशावर विणलेलं रेशमी लेबल होतं. इंग्रजीत शिंप्याचं नाव, खाली सीताबर्डी, नागपूर आणि कंसात एम.पी. घरच्यांना वाटलं चूक झाली, नागपूर मध्य प्रदेशात कसं? पण ती चूक नाही. विदर्भातल्या लेबलांवर यापेक्षा मोलाचा पुरावा क्वचितच मिळतो.

स्वातंत्र्याआधी आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो. त्या काळच्या लेबलांवर, पावत्यांवर सी.पी. किंवा सी.पी. अँड बेरार असं असे. २६ जानेवारी १९५० पासून त्याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं आणि नागपूर त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणजे दहा-अकरा वर्षांत त्याच दुकानाच्या पत्त्यात राज्याचं नाव तीनदा बदललं. कंसात एम.पी. लिहिलेलं नागपूरचं लेबल १९५० च्या आधी विणलं जाऊच शकत नाही. १९३५ चा दावा तिथेच संपला.

दुसरी बाजू मात्र सैल असते. दुकानदार लेबलं शेकड्याने विणून घेत, आणि राज्य बदललं म्हणून उरलेला गठ्ठा कोणी फेकत नाही. १९५५ ला विणलेलं लेबल १९५८ च्या कोटाला लागलेलं असू शकतं. म्हणून खालची मर्यादा पक्की धरायची आणि वरच्या मर्यादेला तीन-चार वर्षांची मोकळीक द्यायची. त्याहून जास्त देऊ नये, कारण चालत्या दुकानात लेबलं त्याआधीच संपतात.

पत्त्यातला आकडाही पाहा. नुसतं "नागपूर-१" किंवा "नागपूर-२" ही जुनी पद्धत. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. लेबलवर ४४० ने सुरू होणारे सहा आकडे असतील तर कपडा त्यानंतरचाच. उलट अर्थ मात्र काढू नका. "नागपूर-२" लिहिण्याची सवय पिनकोड आल्यावरही बरीच वर्षं टिकली.

लेबल दुसऱ्या कपड्याचं असेल तर?

ही शंका रास्त आहे. हल्ली जुन्या लेबलांना किंमत असल्याने ती उसवून भलत्याच कपड्याला लावली जातात. लेबलाच्या चारही कडांचे टाके भिंगाखाली पाहा. दोऱ्याचा रंग आणि विटलेपणा खिशाच्या टाक्यांसारखाच आहे का? लेबलाच्या बाहेर सुईची रिकामी छिद्रं आहेत का? आणि लेबलाचा एक कोपरा अलगद उचलून खालचं अस्तर पाहा. लेबल पहिल्यापासून तिथे असेल तर खालचा तुकडा आजूबाजूच्या अस्तरापेक्षा गडद राहिलेला असतो, कारण तो ना उजेडाने विटला, ना घासला गेला. आर्वीच्या कोटात लेबलाखाली चांगला तपकिरी चौकोन होता आणि बाहेरचं अस्तर फिकट चहाच्या रंगावर आलेलं. म्हणजे लेबल मूळचं.

चेन: सगळ्यात बोलकी आणि सगळ्यात फसवी

आज आपण वापरतो त्या चेनीचं पेटंट स्वीडनमधून अमेरिकेत गेलेल्या गिडिऑन सुंडबॅक या इंजिनियरला १९१७ मध्ये मिळालं. सुरुवातीला ती पाकिटं आणि बुटांना लागली. कपड्यांत ती रुळली १९३० च्या दशकात. पहिल्या पिढीतल्या चेनी धातूच्या असत, दात सुती पट्टीवर चिमटलेले. नायलॉनची चेन, जिच्यात सुटे दात नसून धाग्याची सलग गुंडाळी असते, १९६० च्या सुमारास बाजारात आली. पुढच्या दहा वर्षांत अमेरिका-युरोपातल्या बायकांच्या कपड्यांतून तिने धातूची चेन जवळपास हटवली.

एवढं लक्षात ठेवलं तर पुरे: नायलॉनची गुंडाळी दिसली की १९६० च्या आधी जाता येत नाही. धातूची चेन दिसली तर त्यावरून काहीच ठरत नाही. जीन्सला आजही धातूचीच चेन लागते.

शक्य झालं तर पट्टीही तपासा. जुन्या धातूच्या चेनीची पट्टी सुती असते. ती धुऊन धुऊन मऊ पडते, कडेला पिसं निघतात, घामाचे डाग धरते. पॉलिएस्टरची पट्टी वर्षानुवर्षं गुळगुळीत आणि चमकदार राहते.

आता आर्वीच्या सुटाची अडचण इथे आली. कोटाचं लेबल १९५० ते १९५६ सांगत होतं आणि पँटला नायलॉनची चेन होती. सर्वात नव्या भागाचा नियम लावला तर पँट १९६० नंतरची ठरते. मग कोट आणि पँट वेगवेगळ्या काळातले का?

"चेन नंतर बदलली असेल की!"

हो, आणि ते ओळखता येतं. चेन हा कपड्यातला सर्वात आधी बिघडणारा भाग. रनर सैल होतो, दात सुटतात, मग शिंपी जुनी काढून नवी बसवतो. कित्येक पँटींना तर मुळात चेन नसायचीच, समोर गुंड्या असायच्या. म्हणून नियम लावण्याआधी विचारायचं, हा भाग कपड्यासोबत जन्मला की मागून आला?

गावातल्या एका जुन्या शिंप्याने मला याचं गमक एका वाक्यात सांगितलं होतं: "चेन नको पाहू, चेनीच्या बाजूची टीप पाह्य." टीप म्हणजे मशीनची शिलाई. पँटच्या बाकीच्या सांध्यांवर एका इंचात बारा-तेरा टाके होते, बारीक आणि एकसारखे. चेनीच्या दोन्ही बाजूंना इंचात आठच. म्हणजे मशीन वेगळी किंवा हात वेगळा, आणि बहुधा दोन्ही. चेनीच्या पट्टीमागे कापडाची आतली झडप उलगडली तर चार काजं सापडली. काज म्हणजे गुंडीचं भोक. चारही काजं आडव्या टाक्यांनी बंद केलेली आणि त्यांच्या कडांना घासून आलेली लव. ती काजं वर्षानुवर्षं वापरात होती.

दोऱ्याने उरलेलं सांगितलं. मूळ सांध्यातून निघालेला अर्धा इंच दोरा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर काडीने पेटवला. तो कागदासारखा जळला, वास कागदाचा, मागे मऊ करडी राख. सुती. चेनीजवळचा दोरा आधी आक्रसला, मग वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. पॉलिएस्टर. पँट गुंड्यांची होती, चेन नंतर आली. विसंगती मिटली आणि वर कपड्याच्या दुसऱ्या आयुष्याची एक तारीखही हाती लागली.

जाळून पाहण्याबद्दल एक सावधगिरी. दोरा किंवा धागा नेहमी आतल्या बाजूने, लपलेल्या जागेतून घ्या. कापडाला कधीही थेट काडी लावू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

माया आणि तिच्या कडा

शिवताना सांध्याच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाहेरून कपडा कितीही बदलला तरी मायेपर्यंत फार कोणी पोचत नाही, म्हणून ती प्रामाणिक असते.

पाहायचं ते मायेची कड कशी बांधली आहे ते. जुन्या शिंपीकामात लोकरीच्या कापडाची कड हाताने तिरक्या टाक्यांनी गुंफलेली असते, किंवा अस्तराआड तशीच मोकळी. परदेशी कपड्यांत ती दातेरी कात्रीने नागमोडी कापलेली आढळते. आज आपण कडेला जे तीन दोऱ्यांचं जाळीदार काम करून घेतो आणि तालुक्याच्या ठिकाणी ज्याला सरसकट इंटरलॉक म्हणतात, त्याचं मशीन कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून होतं. त्यामुळे तयार कपड्यात नुसतं इंटरलॉक पाहून दशक ठरत नाही. गावच्या शिंप्याने शिवलेल्या कपड्यात मात्र ते दिसलं की सावध व्हा, कारण हे मशीन खेड्यातल्या दुकानात फार उशिरा आलं.

इथेही मागाहून केलेलं काम ओळखायची खूण आहे. दोन सांधे जिथे एकमेकांना छेदतात तिथे पाहा. इंटरलॉक छेदणाऱ्या सांध्याच्या खाली शिरत असेल, तर ते कपडा जोडण्याआधी झालेलं, म्हणजे मूळचं. सांध्यापाशी येऊन थांबत असेल किंवा त्याच्यावरून उडी मारून जात असेल, तर ते कपडा तयार झाल्यावर केलेलं.

आर्वीच्या पँटच्या मागच्या सांध्यात भरपूर माया होती आणि त्यात तीन समांतर रेषा होत्या, प्रत्येक रेषेवर सुईची छिद्रं. दोन रेषांमधलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निळं. कमर दोनदा वाढवली गेली होती. इतक्या मायेची पँट बहुतेक वेळा माप घेऊन शिवलेली असते. पुढे अंग भरणार हे गृहीत धरूनच शिंपी कापड आत ठेवत असे. कारखान्यातल्या पँटला तेवढी चैन परवडत नाही.

कोटाच्या छातीचीही एक तपासणी आहे. समोरचा भाग दोन बोटांत चिमटून चोळा. आत कापड, कॅनव्हास आणि अस्तर असे तीन थर सुटे सरकत असतील तर कॅनव्हास हाताने टाचलेला आहे. मधला थर वरच्या कापडाला चिकटलेला लागला तर तो इस्त्रीने चिकटवलेला, आणि ती पद्धत १९६० च्या दशकापासून पसरली. आर्वीच्या कोटात थर सुटे होते. यातून फक्त एवढंच कळतं की १९५० च्या दशकाला विरोध नाही, कारण चांगला शिंपी आजही हाताने टाचतो.

कापड काय सांगतं?

नायलॉनची घोषणा १९३८ ला झाली, आणि कपड्यासाठीचं पॉलिएस्टर इंग्लंडमध्ये १९४१ ला शोधलं गेलं, पण दुकानात ते १९५० च्या दशकात पोचलं. आपल्या बाजारात टेरिलीन आणि टेरीकॉट हे शब्द १९६० च्या दशकात रुळले, आणि पुढच्या दशकात टेरीकॉटच्या शर्टाशिवाय लग्नाचा आहेर पुरा होईना. शर्टाचा धागा वितळला तर स्वातंत्र्याआधीचा दावा सोडून द्या.

अस्तराबाबत गफलत होते. चमकतं म्हणून लोक त्याला रेशीम म्हणतात. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. आर्वीच्या कोटाचं अस्तर कागदासारखं जळलं, म्हणजे ते रेयॉन. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं, म्हणून सुतासारखंच जळतं, आणि ते १९२० च्या दशकापासून सर्रास मिळत होतं. त्याने वय पुढे-मागे सरकलं नाही.

थानाच्या काठावर शिक्का उरला असेल तर तो सोन्याचा समजा. नागपूरची एम्प्रेस मिल, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे कापडावर शिक्के मारून माल बाहेर पडे, आणि शिंपी कधीकधी काठ मायेत वापरून टाकी. किंमत आण्यांत असेल तर शिक्का १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांआधीचा किंवा त्या संक्रमणाच्या वर्षांतला. "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ मध्ये "नया" शब्द गळला. पण हा कापडाचा जन्म आहे, कपड्याचा नाही. थान घरात दहा वर्षं पडून राहून मग शिवलं गेलं असं आपल्याकडे सर्रास घडतं.

"फॅशनवरून लगेच कळत नाही का?"

घाट, म्हणजे कपड्याची एकंदर आकृती, मी मुद्दाम शेवटी ठेवतो. शहरातल्या तयार कपड्यांत तो उपयोगी आहे: १९४० च्या दशकातले भरीव खांदे, १९४७ मध्ये पॅरिसमध्ये ख्रिस्तियन दिओरने आणलेली बारीक कंबर आणि घेरदार झगा, १९७० च्या दशकातली बेलबॉटम. पण एक तर जुने घाट पुन्हा येतात, १९८० च्या दशकात भरीव खांदे परत आलेच. आणि दुसरं, खेड्यातला शिंपी त्याला शिकवलेला कट आयुष्यभर कापतो. १९५० मध्ये शिकलेल्या माणसाने १९७५ ला शिवलेली पँट १९५० सारखीच दिसेल. घाटावरून आलेलं उत्तर लेबलाशी आणि दोऱ्याशी जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर घाटाला मागे ठेवा.

आर्वीची पँट उंच कमरेची, समोर चुन्या, पायाला दुमड. १९५० च्या दशकाला साजेशी. मात्र पायाच्या आतल्या सांध्यात पूर्वीची टीप उसवल्याची रेघ होती आणि तळाचा घेर कमी केलेला, तोही वितळणाऱ्या दोऱ्यानेच. चेन आणि अरुंद पाय बहुधा एकाच खेपेला झाले.

आठवडी बाजारातले परदेशी कोट

हिवाळ्यात आठवडी बाजारात जुन्या परदेशी कोट-स्वेटरचे ढीग लागतात. तिथे त्या त्या देशाचा कायदा वाचावा लागतो. अमेरिकन कपड्यावर धाग्याची टक्केवारी, जसं की ६५ टक्के पॉलिएस्टर, असेल तर तो बहुधा मार्च १९६० नंतरचा, कारण तेव्हापासून ते सक्तीचं झालं. धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल तिथे जुलै १९७२ पासून बंधनकारक आहे, आणि शब्दांऐवजी नुसती चिन्हं चालवून घेतली १९९७ पासून. ब्रिटिश कपड्यावर दोन कापलेल्या वर्तुळांसारखी दिसणारी सीसी आणि ४१ अशी खूण असेल तर तो महायुद्धातल्या काटकसरीच्या योजनेतला, १९४१ ते १९५२. "पश्चिम जर्मनी" लिहिलेला कोट १९४९ ते १९९० मधला. एम.पी. लिहिलेल्या नागपूरसारखंच तेही एक मिटलेलं नाव आहे.

बायकांच्या झग्यात चेन कुठे आहे तेही पाहा. १९३० आणि १९४० च्या दशकांत ती बहुधा डाव्या कुशीला असे, १९५० नंतर पाठीच्या मध्यावर सरकली. धातूची चेन कुशीला आणि कडा नागमोडी कापलेल्या, असं एकत्र सापडलं तर १९५० च्या मागे जायला हरकत नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं

आर्वीच्या सुटासोबत मी ही चिठ्ठी लावायला सांगितली: "माप घेऊन शिवलेला लोकरी सूट, नागपूर, १९५० ते सुमारे १९६०. अस्तर रेयॉन, मूळचं. पँटची चेन १९६० नंतरची, मूळ गुंड्यांची काजं आत शाबूत. कमर दोनदा वाढवलेली, पाय अरुंद केलेले." घरच्यांना १९३५ गेल्याचं वाईट वाटलं. मग म्हाताऱ्या काकूंना आठवलं की सूट पणजोबांचा नव्हताच, तो आजोबांना वकिली सुरू करताना शिवला होता. वकिलीची सनद त्याच पेटीत, कागदांच्या पुडक्यात होती. साल १९५३.

ज्या कपड्याला ना लेबल, ना चेन, ना मशीनची टीप, तिथे ही पद्धत थांबते. वर्ध्याकडे घरोघरी सापडणारी हातसुताची खादीची बंडी, हाताने शिवलेली आणि कापडी गुंड्यांची, १९३० ची आणि १९६५ ची शेजारी ठेवली तरी धाग्यावरून वेगळी करता येत नाही. तिथे बंडीऐवजी तिच्यासोबतच्या गोष्टी पाहा: ज्यात ती गुंडाळली त्या वर्तमानपत्राची तारीख, पेटीतला फोटो, धोब्याने काठावर शाईने घातलेली खूण. आणि विकायला ठेवताना दशक लिहू नका. "हातसुताची खादी, हातशिलाई, काळ अनिश्चित" एवढं लिहा.